कोमोरेबी आणि कवडसा

विम वेंडर्स यांच्या ‘परफेक्ट डेज’ या २०२३ सालच्या चित्रपटात कोजी याकुशो टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं धुणाऱ्या हिरायामाचं काम करतात. हा माणूस रोज दुपारी एका देवळाच्या आवारात डबा खायला बसतो, वर झाडाकडे पाहतो आणि पानांतून येणाऱ्या उजेडाचा फोटो काढतो. चित्रपटाची श्रेयनामावली संपल्यावर पडद्यावर एका शब्दाचा अर्थ येतो: कोमोरेबी. वाऱ्याने हलणाऱ्या पानांमुळे होणारी उजेडाची आणि सावलीची थरथर, आणि ती त्या क्षणापुरतीच असते, असं तिथे सांगितलं आहे. त्याच्या आधीही हा शब्द इंग्रजीतल्या एका लोकप्रिय यादीत होताच. ‘इंग्रजीत प्रतिशब्द नसलेले जपानी शब्द’ अशी ती यादी. कोमोरेबी, त्सुन्दोकु, नात्सुकाशी, आमाए अशी नावं तिच्यात हमखास असतात आणि आपल्याकडची वर्तमानपत्रं ती यादी इंग्रजीवरून मराठीत आणतात.

माझं म्हणणं असं की हा रस्ता लांबचा आहे, आणि त्या रस्त्यात बरंच काही सांडतं. जपानी शब्द आधी इंग्रजीत उलगडायचा, तिथे एका शब्दाचं लांब वाक्य करायचं आणि मग त्या वाक्याचं मराठी करायचं, असं केलं की मराठीत मुळातच असलेला शब्द आठवतही नाही. इंग्रजीला जे अडतं ते मराठीला अडेलच असं नाही. कुठे अडत नाही, कुठे थोडं अडतं आणि कुठे खरंच अडतं, हे शब्द हातात घेऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

कोमोरेबी सोडवून पाहू. जपानीत झाडाला ‘की’ म्हणतात. जोडशब्दात पुढे आलं की त्याचं जुनं रूप ‘को’ वापरलं जातं. ‘कोकागे’ म्हणजे झाडाची सावली, ‘कोनोहा’ म्हणजे झाडाचं पान, ‘कोझुए’ म्हणजे शेंडा. मधला ‘मोरे’ हा गळणे, झिरपणे या अर्थाच्या क्रियापदातून आला आहे. शेवटचा ‘बी’ म्हणजे मूळचा ‘ही’. जोडशब्दात मागे आला की त्याचा उच्चार असा जड होतो. या ‘ही’चा अर्थ सूर्य आणि दिवस असा दोन्ही आहे. इंग्रजीत शिकणाऱ्याला हे समजावून द्यावं लागतं. मराठी माणसाला नाही, कारण आपणही दिवस उगवला, दिवस मावळला असं म्हणतो आणि तेव्हा सूर्याबद्दलच बोलत असतो. इथे ‘ही’ म्हणजे सूर्याचा उजेड, आपलं ऊन. तेव्हा कोमोरेबी म्हणजे झाडातून गळणारं ऊन. जपानी शब्दकोशात अर्थ साधारण एवढाच असतो. त्या क्षणापुरतं असण्याचा भाग चित्रपटाने आपल्या पदरचा घातला आहे. चित्रपटाला तो शोभतो, पण रोजच्या जपानीत हा साधा, वर्णन करणारा शब्द आहे. त्यात कुठलं तत्त्वज्ञान दडलेलं नाही.

मधलं ते गळण्याचं क्रियापद महत्त्वाचं आहे. पावसात छत गळतं त्याला जपानीत ‘आमामोरी’ म्हणतात. आमे म्हणजे पाऊस, आणि मोरी हे त्याच कुळातलं गळणं. म्हणजे घरात पाणी जसं गळतं तसं रानात ऊन गळतं, असं ही भाषा पाहते.

आता मराठीत या. आपल्याकडे ‘कवडसा’ आहे. कौलारू घरात एखादं कौल सरकलं की त्या फटीतून उन्हाचा एक तुकडा आत येतो आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडतो, तो कवडसा. उन्हाळ्यात जिथून कवडसा येतो तिथूनच पावसाळ्यात पाणी गळतं. म्हणून मृगाच्या आधी कौलं परतताना आत उभं राहून उजेड कुठून येतोय ते पाहतात. जपानीने पाण्याचं क्रियापद उन्हाला लावलं. आपल्याकडे दोन्ही एकाच भोकातून आत आले. झाडांच्या पानांतून पडलेल्या उन्हाच्या ठिपक्यांनाही मराठी लेखक कवडसेच म्हणत आले आहेत.

हे दोन कवडसे नुसते नावाने एक नाहीत. दाट झाडाखालच्या जमिनीवर पाहिलं तर उन्हाचे बरेच ठिपके गोल किंवा लांबट गोल दिसतात. पानांमधल्या फटी मात्र वेड्यावाकड्या असतात. ठिपका गोल येतो, कारण तो फटीचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असते. लहान भोकातून उजेड आला की समोर सूर्याचं चित्र उमटतं. त्या चित्राचा व्यास काढायचा तर फटीपासून जमिनीपर्यंतचं अंतर सुमारे १०७ ने भागायचं. १० मीटर उंचीवरच्या फटीतून आलेला ठिपका ९ सेंटिमीटरच्या आसपास असतो. घरातल्या कौलातून ३ मीटर खाली येणारा ठिपका ३ सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणून घरातला कवडसा लहान आणि रेखीव दिसतो आणि झाडाखालचा मोठा, कडा पुसट झालेला. ऊन तिरपं असेल तर ठिपका ओढला जाऊन लांबट होतो. खंडग्रास सूर्यग्रहणात झाडाखालचे सगळे ठिपके चंद्रकोरीसारखे होतात ते याचमुळे. कौलाखालीही तेव्हा कोरच पडते.

मग कोमोरेबी म्हणजे कवडसा, असं लिहून मोकळं व्हावं का? बऱ्याच वाक्यांत होता येतं, सगळ्यांत नाही. कवडसा मोजता येतो. एक कवडसा, चार कवडसे, अंगणात कवडशांची नक्षी. कोमोरेबी मोजत नाहीत. त्यात जमिनीवरचा ठिपका आला, धुक्यात दिसणारा उजेडाचा पट्टा आला, चालणाऱ्याच्या खांद्यावर हलणारी चमकही आली. कवडसा मुख्यतः पडलेल्या जागी असतो. हवेत दिसणाऱ्या तिरक्या रेघेला आपल्याकडे ‘तिरीप’ हा वेगळा शब्द आहे. दुसरा फरक असा की कवडशाला झाड लागत नाही. तो खिडकीतूनही येतो. कोमोरेबीला झाड लागतंच, ते नावातच आहे.

म्हणून प्रतिशब्द ठरवल्यावर तो जपानी लोक हा शब्द ज्या वाक्यांत वापरतात त्यांत परत घालून पाहायचा. ‘वाऱ्यावर हलणारी कोमोरेबी’ घ्या. ‘वाऱ्याबरोबर हलणारे कवडसे’ हे सरळ बसतं. ‘कोमोरेबीतून चालत जाणं’ घ्या. ‘कवडशांतून चालत जाणं’ चालेल, फक्त आजूबाजूला झाडी आहे हे वाक्यात आधी आलं पाहिजे, नाहीतर वाचकाला पडवी दिसेल. ‘कोमोरेबीत पुस्तक वाचत बसली होती’ इथे मात्र कवडसा अडतो, कारण कवडशात बसता येत नाही, तो लहान असतो. इथे मी ‘पानांतून झिरपणाऱ्या उन्हात’ असं लिहीन. म्हणजे एका जपानी शब्दाला मराठीत दोन तऱ्हा लागतात: जिथे ठिपके दिसतात तिथे कवडसे, जिथे माणूस त्या उजेडात वेढला आहे तिथे पानांतून झिरपणारं ऊन. ‘सूर्यप्रकाश’ मी कुठेच लिहिणार नाही. तो शब्द इंग्रजीच्या वाटेने मराठीत शिरतो आणि ऊन या शब्दातली ऊब त्याला नाही.

इंग्रजीवर अन्यायही नको. रानाच्या जमिनीवर क्षणभर पडणाऱ्या उन्हाच्या ठिपक्याला वनस्पतिशास्त्रज्ञ ‘सनफ्लेक’ म्हणतात. घनदाट रानात तळाशी वाढणाऱ्या रोपांच्या अन्ननिर्मितीत या धावत्या ठिपक्यांचा मोठा वाटा असतो, म्हणून त्यांना त्याचं नाव लागलं. यादीतलं ‘इंग्रजीत शब्द नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘सर्वांच्या तोंडी असलेला एकच शब्द नाही’ एवढाच असतो. कोमोरेबीसुद्धा तीन शब्दांचा जोड आहेच.

त्सुन्दोकुची गोष्ट आणखी पुढे जाते, कारण तिथे शब्दाहून व्याकरण जास्त जवळचं निघतं. आधी उच्चार. ‘त्सु’ पाहून बिचकायला नको. चूल, चुना यांतला दातांजवळचा आपला च तोच आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांना तो शब्दाच्या सुरुवातीला जड जातो, आपल्याला जात नाही.

पुस्तकं विकत घेऊन न वाचता रचून ठेवायची सवय म्हणजे त्सुन्दोकु, असं यादीत लिहिलेलं असतं. शब्द मेइजी काळातला, म्हणजे १८६८ ते १९१२ मधला, आणि तो एक कोटी आहे. ‘त्सुन्दे ओकु’ म्हणजे रचून ठेवणे. बोलताना त्याचं ‘त्सुन्दोकु’ होतं. त्यातला शेवटचा ‘दोकु’ वाचनाचा अर्थ असलेल्या चित्रलिपीतल्या अक्षराने लिहिला की रचून ठेवण्यातच वाचन येऊन बसतं.

आता ‘त्सुन्दे ओकु’ आणि ‘रचून ठेवणे’ शेजारी ठेवून पाहा. पहिल्या क्रियापदाचं ‘-ऊन’सारखं रूप, पुढे ठेवणे या अर्थाचं दुसरं क्रियापद. भाजी चिरून ठेवणे हे जपानीत ‘यासाइ ओ कित्ते ओकु’, आणि त्यातला ‘ओकु’ एरवी एखादी वस्तू खाली ठेवायलाही वापरतात, जसं आपण ठेवणे वापरतो. दोन्ही भाषांत या ठेवण्याचा अर्थ एकच: पुढे कामाला यावं म्हणून आत्ता करून ठेवणं. पाहुणे यायच्या आधी भाजी चिरून ठेवतो, विसरायला नको म्हणून निरोप सांगून ठेवतो. त्सुन्दोकुतही हाच भाव आहे. ती पुस्तकं कधीतरी वाचायची म्हणून ठेवलेली असतात. इंग्रजीत हा भाव सांगायला वेगळं वाक्य लागतं आणि ते सहसा कुणी लिहीत नाही. त्यामुळे त्सुन्दोकु म्हणजे नुसता पुस्तकं साठवण्याचा सोस, असा समज पसरला. मराठीत ‘वाचू म्हणून रचून ठेवलेली पुस्तकं’ म्हटलं की मूळ अर्थ पूर्ण येतो. कोटीसकट एकच शब्द हवा असेल तर ‘ठेववाचन’ करता येईल. ‘ठेव’ आधी, ‘वाचन’ मागे, मुळातल्याच क्रमाने.

पुण्यात आणि मुंबईत जपानी शिकणाऱ्या मुलांना मी हे नेहमी सांगते, कारण त्यांच्या हातातल्या पुस्तकांत व्याकरणाची स्पष्टीकरणं बहुधा इंग्रजीत असतात. ‘ताबेते मिरु’ म्हणजे काय हे सांगायला तिथे दोन ओळी खर्च होतात. मराठीत तो ‘खाऊन पाहणे’ आहे, आणि ‘मिरु’ म्हणजे पाहणेच. ‘इत्ते किमासु’ हे घराबाहेर पडताना म्हणायचं वाक्य इंग्रजीत आणताना लोक फारच अडतात, कारण त्याचा शब्दशः अर्थ ‘जाऊन येतो’ असा आहे. आपण तरी दुसरं काय म्हणतो? घरातल्यांचं उत्तर ‘इत्ते राश्शाइ’ म्हणजे ‘जाऊन या’. परत आल्यावरचं ‘तादाइमा’ शब्दशः ‘आत्ताच’ असं आहे. आपल्याकडे त्या जागी ‘आलो गं’ असतं, आणि आतून ‘आलास?’ येतं, जिथे जपानी घरात ‘ओकाएरी’ येतं. निघताना ‘जातो’ म्हणू नये हे ज्या घरांत आजीने बजावून सांगितलेलं असतं, तिथल्या मुलांना हे पाठ करावं लागत नाही.

सारखेपणा दिसला की सैल सोडून चालत नाही, हेही याच क्रियापदांनी शिकवलं. ‘शिमाउ’ हे असंच दुसऱ्या जागी येणारं क्रियापद. ‘ताबेते शिमात्ता’ म्हणजे खाऊन टाकलं. इतकं चपखल बसल्यावर विद्यार्थी प्रत्येक शिमाउला टाकणे लावतात, आणि ‘वासुरेते शिमात्ता’चं ‘विसरून टाकलं’ करतात. ते मुद्दाम विसरल्यासारखं वाटतं. मूळ वाक्यात उलट हळहळ आहे. मराठीत तिथे ‘विसरून गेलो’ किंवा ‘विसरून बसलो’ लागतं. काम उरकल्याचा शिमाउ टाकणेकडे जातो, नको ते घडल्याचा शिमाउ बसणेकडे किंवा जाणेकडे जातो. कुठला कुठे, हे वाक्य कोण कुठल्या मनःस्थितीत बोलतंय यावरून ठरवावं लागतं.

आमाए हा शब्द जगभर पोचला तो मानसोपचारतज्ज्ञ ताकेओ दोइ यांच्या १९७१ सालच्या ‘आमाए नो कोझो’ या पुस्तकामुळे. १९७३ मध्ये ते इंग्रजीत आलं आणि तिथे नावात आमाएच्या जागी ‘परावलंबन’ अशा अर्थाचा शब्द घालावा लागला. दोइंनी त्यात एका आईची हकिगत सांगितली आहे. ही बाई जन्मली जपानमध्ये, बोलायची इंग्रजीतून. आपल्या मुलीच्या लहानपणाबद्दल इंग्रजीत सांगता सांगता ती मध्येच एका वाक्यापुरती जपानीत शिरली: ही मुलगी फारशी आमाएरु करत नसे. तेवढं वाक्य जपानीत का, असं विचारल्यावर ती म्हणाली की हे इंग्रजीत सांगताच येत नाही.

तेच वाक्य मराठीत सांगा. ‘ही फारशी लाडात यायची नाही.’ समोरचा आपले लाड पुरवील हे गृहीत धरून त्याच्याशी वागणं म्हणजे आमाएरु, आणि लाडात येणं म्हणजेही तेच. लाड करणाऱ्या बाजूचं क्रियापद ‘आमायाकासु’. आपल्याकडे ‘लाडावून ठेवणं’. रागावून ‘आमाएरु ना’ म्हणतात तिथे आपण ‘लाडात येऊ नकोस’ म्हणतो. या सगळ्याच्या मुळाशी ‘आमाइ’, म्हणजे गोड, आहे. मराठीतल्या लाडीगोडीत गोड आहेच, जरी लाडीगोडीचा अर्थ थोडा वेगळ्या बाजूला, मनधरणीकडे झुकतो.

मात्र दोइंना जे सांगायचं होतं ते मुलांपुरतं नव्हतं. नोकर आणि मालक, शिष्य आणि गुरू, नवरा आणि बायको अशा मोठ्या माणसांच्या नात्यांतही जपानी समाजात आमाए कसा चालतो, हा त्यांचा विषय. मोठ्या माणसाला ‘लाडात आला’ म्हटलं की मराठीत ती चेष्टा किंवा टीका होते. तिथे लाड सोडून द्यावा आणि ‘हक्क’ घ्यावा. ‘तो माझ्याकडे हक्काने मागतो’, ‘ती माझी हक्काची माणसं आहेत’ यातला हक्क कायद्याचा नाही. नात्यात समोरचा नाही म्हणणार नाही या भरवशाचा तो आहे, आणि प्रौढांचा आमाए तोच. तिसरी जागा सौजन्याची. कुणी जेवून जायचा आग्रह केला आणि आपण मान्य केलं तर जपानीत ‘ओकोतोबा नि आमाएते’ म्हणतात. शब्दशः, तुमच्या शब्दांवर आमाएरु करून. आपल्याकडे ‘तुम्ही एवढा आग्रह करताय तर’. एकाच शब्दाला लाड, हक्क आणि आग्रह, अशा तीन जागा. दोइंचं पुस्तक कुणी मराठीत आणलं तर त्याला पहिल्याच पानावर हा प्रश्न सोडवावा लागेल, कारण त्यांचं सगळं म्हणणं एकच धागा या तिन्हींतून जातो यावर उभं आहे. तिथे मी मूळ शब्द आमाए असाच ठेवीन आणि पहिल्यांदा येताना हे तीनही शब्द शेजारी देईन.

खरं अडतं ते नात्सुकाशी या विशेषणाशी. जुन्या गोष्टीची आठवण येऊन जे प्रेम दाटतं ते या शब्दात आहे, पण विशेषण त्या गोष्टीला लागतं, माणसाला नाही. गाणं नात्सुकाशी असतं, शाळा नात्सुकाशी असते. मराठी तशी उलट बाजूने उभी राहते: मला आठवण येते, मला ओढ लागते. नॉस्टॅल्जियासाठी घडवलेला ‘स्मरणरंजन’ इथे कामाचा नाही. त्यात भूतकाळात रमून बसल्याचा आरोप आहे आणि कुणी जुनं गाणं ऐकून ‘स्मरणरंजन!’ असं ओरडत नाही. हुरहूर सुंदर शब्द आहे, पण त्यात दुःख जास्त. नात्सुकाशी म्हणताना जपानी माणूस बहुतेक वेळा हसत असतो.

शब्दाच्या मुळाशी गेलं तर थोडी वाट दिसते. हे विशेषण ‘नात्सुकु’ या क्रियापदाकडून आलं. कुत्रं माणसाला नात्सुकु करतं, लहान मूल पाहुण्याला नात्सुकु करतं. हा सरळ आपला ‘लळा लागणं’ आहे. हेइआन काळातल्या जुन्या साहित्यात नात्सुकाशीमध्ये आठवणीचा भाग नव्हता. जवळ जावंसं वाटणारा, हवाहवासा असा अर्थ होता. आठवणींचा अर्थ नंतर चढला. म्हणजे एके काळी लळा लागलेलं, आणि आता परत समोर आलेलं, ते नात्सुकाशी.

एवढं कळूनही एक शब्द मिळत नाही, म्हणून वाक्याची बैठक बदलावी लागते. जुन्या पेटीत शाळेतली कंपासपेटी सापडली आणि जपानी बाई ‘नात्सुकाशी!’ म्हणाली, तर मराठीत ‘अगंबाई, किती वर्षांनी!’ असं येईल. विशेषण गेलं, वर्षं आली, पण तोंडून निघणारा उद्गार खरा राहिला. ‘नात्सुकाशी गाणं’ असेल तर ‘आठवणीतलं गाणं’. ‘गाव नात्सुकाशी आहे’ असेल तर ‘गावाची ओढ लागली आहे’. आणि मोठी झालेली विद्यार्थिनी बाईंना पत्र लिहिताना शाळेचे दिवस नात्सुकाशी आहेत असं लिहीत असेल, तर मी ‘त्या दिवसांचा लळा अजून सुटलेला नाही’ असं करून पाहीन. हे भाषांतर सगळ्यांना पटणार नाही. शाळेच्या दिवसांचा लळा असं मराठीत आजवर कुणी फारसं म्हणत नाही, आणि पत्राचा सूर साधा असेल तर ‘ते दिवस फार आठवतात’ हेच बरं.